पावसानंतर कंपाउंडची भिंत बाहेर कलली : मुलुंडच्या एका भिंतीची प्रश्नोत्तरं

प्रश्न (जुलैचा दुसरा आठवडा) : मुलुंड पश्चिमेला डोंगराच्या उताराकडे आमचं बैठं घर आहे. गल्लीच्या बाजूची कंपाउंडची भिंत नऊ इंची विटांची आहे, गल्लीतून मोजली तर सहा फूट उंच आणि चाळीस फूट लांब. आतली जमीन भराव घालून गल्लीपेक्षा तीन फूट उंच केलेली आहे. गेल्या चार दिवसांच्या पावसात भिंत मधोमध बाहेर झुकली. आतल्या बाजूला फरशी आणि भिंत यांच्यात बोट जाईल एवढी फट पडली आहे. गवंडी म्हणतो, बाहेरून दोन पिलर उभे करू, फटीत सिमेंट भरू, दोन दिवसांचं काम आहे. करून घ्यावं का?

उत्तर : नको. आधी गल्लीतली माणसं बाजूला ठेवा, मग पुढचं. भिंत पडते तेव्हा ती स्वतःच्या उंचीएवढी आडवी होतेच, वर विटा घरंगळत पुढे जातात. म्हणून उंचीच्या दीडपट, म्हणजे साधारण दहा फूट जागा बाहेरून अडवा. दोरी आणि पट्टी बांधा, समोर लावलेल्या गाड्या हलवा, भिंतीच्या सावलीत बसणाऱ्या भाजीवाल्याला दुसरीकडे बसायला सांगा. भिंत सार्वजनिक वाटेवर झुकली आहे, तेव्हा महापालिकेच्या १९१६ या आपत्कालीन क्रमांकावर कळवा. वॉर्डातून माणूस येऊन पाहील. पालिकेच्या कायद्यातल्या कलम ३५४ खाली धोकादायक बांधकाम काढण्याची नोटीसही मिळू शकते. तिला घाबरू नका, तुम्हाला करायचं आहे तेच त्यात लिहिलेलं असतं.

त्याच दिवशी आतल्या बाजूची तीन कामं करा. भिंतीपासून सहा फुटांच्या आतलं सगळं ओझं काढा : कुंड्या, वाळूचा ढीग, स्कूटर. गच्चीचं पाणी आणणारा पाइप त्या पट्ट्यात सुटत असेल तर त्याला तात्पुरता जोड देऊन पाणी लांब न्या. आणि फटीवर, फटीच्या दोन्ही बाजूंना झाकेल अशी ताडपत्री घाला, म्हणजे वरून नवं पाणी आत उतरणार नाही. फटीत सिमेंट मात्र भरू नका. ती फट म्हणजे तुमचं मोजमापाचं साधन आहे, ती बुजवली की भिंत पुढे सरकतेय की थांबलीय हे कळायचं बंद होतं. शिवाय तिथे पाचर बसल्यासारखं होतं. माती फुगली की ती पाचर भिंतीलाच बाहेर ढकलते.

आता ओळंब्याने मोजा, पण गल्लीत उभं राहून नव्हे, आतून. भिंतीच्या माथ्यावर एक फळी अशी धरा की तिचं टोक विटेच्या आतल्या पृष्ठापासून बरोबर ३० सेंटीमीटर आत येईल. त्या टोकावरून ओळंबा सोडा आणि खाली, जमिनीलगत, दोरी ते वीट हे अंतर मोजा. ते ३० पेक्षा जितकं कमी, तितका त्या उंचीतला कल. दर दहा फुटांवर एक अशा पाच जागा खुणेने पक्क्या करा आणि सकाळ-संध्याकाळ तारीख घालून लिहा. माथ्यावरचा दगडी पट्टा बाहेर आलेला असतो, त्याच्यापासून मोजू नका.

प्रश्न (चार दिवसांनी) : आकडे असे आले : डाव्या टोकाला २९, मग २७.५, मधोमध २६.३, मग २७, उजव्या टोकाला २९.५. पहिल्या दोन दिवसांत मधला आकडा तीन मिलिमीटरने कमी झाला, नंतर पाऊस थांबला तसा तोही थांबला. गच्चीचा पाइप खरोखरच भिंतीच्या मध्याजवळ फुटलेला सापडला. आता ऊन पडलंय, माती सुकतेय. पाइप दुरुस्त करून भिंत तशीच ठेवली तर चालेल का? एवढी वर्षं ती उभी होतीच की.

उत्तर : एवढी वर्षं ती का उभी होती आणि आता का राहणार नाही, हे आकड्यांतच दिसतं. हा हिशेब एकदा नीट पाहा, कारण पुढचं सगळं काम त्यावरच ठरतं.

भिंतीचा एक मीटर लांबीचा तुकडा घ्या. नऊ इंच जाडी आणि सहा फूट उंची, म्हणजे त्याचं वजन साधारण ८३० किलो. पडताना तो बाहेरच्या खालच्या कडेवर उलटेल. वजन जाडीच्या मध्यातून, म्हणजे त्या कडेपासून साडेअकरा सेंटीमीटर आतून खाली ओढतं. तेव्हा त्याची सावरण्याची ताकद ८३० गुणिले ०.११५, म्हणजे ९५.

आता मागचा भराव. तीन फूट कोरडी मुरमाड माती एका मीटर लांबीला साधारण २४५ किलो जोराने बाहेर लोटते. हा जोर खाली जास्त आणि वर कमी असा त्रिकोणी असतो, त्यामुळे तो तळापासून उंचीच्या एकतृतीयांशावर, ३० सेंटीमीटरवर धरायचा. २४५ गुणिले ०.३, म्हणजे ७३. सावरायला ९५ आणि उलटवायला ७३, म्हणून भिंत उभी. वाव फार नाही, पण उभी.

पाणी भरलं की चित्र पालटतं. पाण्यात बुडालेल्या मातीचे कण हलके होतात, त्यांचा लोट १३५ किलोंवर येतो. पण आता पाणी स्वतंत्रपणे लोटतं, आणि त्याला मातीसारखं आतलं घर्षण नसतं. ते पूर्ण ताकदीने, ४०५ किलोंनी दाबतं. एकूण ५४० किलो, उलटवण्याची ताकद १६२. भिंतीपाशी ९५च आहेत. पायाची थोडी जास्त रुंदी आणि मधले खांब यांच्यामुळे ती एका दिवसात आडवी झाली नाही, झुकून थांबली. म्हणजे तुमच्या भिंतीला मातीने नव्हे, अडकलेल्या पाण्याने ढकललं. त्या चाळीस फुटांत पाणी बाहेर जायला एकही भोक नाही, हे तुम्ही पाठवलेल्या फोटोंत दिसतंय.

माती सुकली की पुन्हा ७३ विरुद्ध ९५ होईल का? नाही. आतून दिसणाऱ्या तीन फुटांत मधोमध ३.७ सेंटीमीटर कल आहे. भिंत बुडापासून सरळ कलली असेल तर पूर्ण सहा फुटांत साडेसात सेंटीमीटर, तीन इंच. सरळ कलली आहे की मध्येच फुगली आहे, हे भिंतीच्या टोकाशी तिच्या रेषेत उभं राहून पाहिलं तर कळतं. तुमच्या फोटोंत ती रेष सरळ आहे. माथा तीन इंच बाहेर गेला की वजनाचा मध्य दीड इंच बाहेर जातो आणि साडेअकरा सेंटीमीटरचा आधार पावणेआठवर येतो. ८३० गुणिले ०.०७७५, म्हणजे ६४. कोरड्या मातीचे ७३ याहून जास्त आहेत. आज ती पाया आणि खांबांच्या चिवटपणावर उभी आहे, आणि त्यावर माणसाचा जीव ठेवता येत नाही.

यातून एक मोजपट्टी मिळते. विटांच्या भिंतीत वजनाची रेष जाडीच्या मधल्या एकतृतीयांशातून बाहेर गेली की एका बाजूला ओढ येते, आणि विटांच्या जोडाला ओढ सोसत नाही. नऊ इंची भिंतीत ही मर्यादा माथ्याच्या तीन इंच कलाला येते, तीही मागे माती नसताना. मागे भराव असेल तर दीड इंचालाच आम्ही उतरवायला सांगतो.

प्रश्न : मग उतरवूच. पण गवंडी म्हणतो, वरच्या विटा काढल्या की भार कमी होईल, भिंत आपोआप सुरक्षित होईल. आणि उतरवेपर्यंत बाहेरून बांबूचे टेकू लावू का?

उत्तर : क्रम उलटा आहे, आणि जीवघेणा आहे. भिंतीचं वजन हीच तिची सावरण्याची ताकद, हे वर पाहिलं. माती तशीच ठेवून वरचे तीन फूट काढले तर वजन निम्मं होईल आणि लोट तेवढाच राहील. आधी माती, मग विटा.

टेकू लावायचे तर गल्लीच्या डांबरावर टेकवून पाचर ठोकावी लागते, म्हणजे ज्या जागेतून आपण माणसं हटवली तिथेच मजूर वाकून हातोडा मारणार. भिंत काही आठवडे ठेवणं भागच असेल तेव्हा अभियंत्याकडून तिरके आधार बसवून घ्यावेत. तुम्हाला ती आठवडाभरात काढता येते, मग टेकूच्या फंदात पडू नका. बाहेरच्या पिलरची कल्पना तर सोडूनच द्या. ती जागा रस्त्याची आहे, आणि जुन्या विटांना नुसता चिकटवलेला पिलर पाण्याचा दाब कमी करत नाही.

दोन दिवस कोरडे बघा. भिंतीपासून चार-पाच फूट आत अडीच-तीन फुटांचा खड्डा घ्या, त्यात पाणी उतरू द्या आणि छोट्या पंपाने काढून गटारात सोडा. पाणी यायचं थांबलं की भिंतीमागची माती हाताने, घमेल्याने काढायला घ्या. जेसीबी नको, त्याचं वजन आणि थरथर दोन्ही भिंतीमागे नकोत. पूर्ण चाळीस फुटांत एक-एक फुटाचा थर काढा, एकाच जागी खोल खड्डा करू नका. तळाशी दोन फूट रुंदी ठेवा आणि घराच्या बाजूला माती ४५ अंशांच्या उताराने सोडा, म्हणजे मजुरांच्या पाठीवर ती कोसळणार नाही. गल्लीच्या पातळीखाली जाऊ नका, नाहीतर पायाच मोकळा होईल. अशी साधारण चार ब्रास माती निघते. ती भिंतीजवळ नव्हे, आवारात दुसऱ्या टोकाला टाका.

मग विटा. आत घोडी ठेवून, वरून एकेक थर, सगळा आतल्या बाजूला उतरवा. लांबच्या हातोड्याने भिंत ढकलून पाडणं झटपट होतं, पण ती कुठे आणि किती लांब पडेल हे कुणाच्या हातात राहत नाही. खांबांतल्या सळ्या कापण्याआधी त्या खांबाच्या दोन्ही बाजूंच्या विटा काढून झालेल्या असू द्या.

आमचा हा कडकपणा उगाच नाही. १ आणि २ जुलै २०१९च्या मधल्या रात्री मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाची मोठी संरक्षक भिंत कोसळली तेव्हा ३०हून जास्त माणसं गेली. तुमची भिंत तिच्यापुढे काहीच नाही, पण एका मीटरला आठशे किलो वीट एखाद्या मुलावर पडायला तेवढीही पुरते.

प्रश्न (ऑगस्ट) : भिंत उतरली. पायाशी लांबच लांब चर दिसतोय. कधीतरी केबलसाठी कुणी खणलेला असावा. तो आमच्या पायाच्या बाहेरच्या कडेला खेटून गेला आहे. नवी भिंत लगेच बांधायला घेऊ का?

उत्तर : तो चर या गोष्टीतला दुसरा गुन्हेगार. पायाच्या बाहेरच्या कडेलाच सगळ्यात जास्त दाब येतो, आणि नेमकी तिथली माती सैल झालेली. पाणी भरल्यावर भिंत बुडापासूनच सरळ कलली, मध्ये मोडली नाही, त्याचं कारण हे दिसतं.

बांधायला मात्र ऑक्टोबरपर्यंत थांबा. पावसात खणलेला पाया चिखल होतो. तोवर आत पाच फूट मागे सरून पत्र्याचं कुंपण घाला आणि उतार ताडपत्रीने झाका. मधल्या काळात दोन कागद पाहून घ्या : प्रॉपर्टी कार्ड आणि सिटी सर्व्हेचा नकाशा, म्हणजे नवा पाया हद्दीतच राहील. आणि वॉर्डाच्या इमारत व कारखाने विभागात जाऊन परवानगी आणि उंचीची मर्यादा विचारा, खडूची रेघ मारण्याआधी.

आणि एक प्रश्न घरात बसून सोडवा : तो तीन फूट भराव हवाच आहे का? भिंतीलगतची सहा फुटांची पट्टी गल्लीच्या पातळीला आणून आत हिरवळीचा उतार केला तर भिंतीवर काहीच लोट उरत नाही, साधी भिंत पुरते, खर्च निम्म्याहून कमी. आम्हाला विचाराल तर जागा असेल तिथे हेच करावं.

प्रश्न (ऑक्टोबर) : तिथेच गाडी लागते, भराव ठेवणं भाग आहे. मग कशी बांधायची?

उत्तर : मग माती अडवणं आणि आवार बंद करणं ही दोन कामं वेगळी माना. खाली आरसीसीची इंग्रजी एल अक्षरासारखी भिंत, फक्त भरावाच्या उंचीपेक्षा अर्धा फूट वर येईल एवढी. त्यावर हलकी लोखंडी जाळी.

एलची आडवी पाटी हद्दीच्या आत, घराच्या बाजूला जाते. तुमच्यासाठी पाटी तीन फूट रुंद आणि आठ इंच जाड, तळ गल्लीच्या पातळीपासून पावणेदोन फूट खाली. उभी भिंत आठ इंच. खरी कमाल त्या आत गेलेल्या पाटीची आहे. तिच्यावर मीटरला दीड टनाच्या आसपास माती बसते आणि ती माती भिंतीला खाली दाबून धरते. जी माती आधी फक्त ढकलत होती तीच आता सावरूही लागते. गाडी लागणार असल्याने तिचा भार धरून नेमका आकार आणि सळ्या संरचना अभियंत्याकडून ठरवून घ्या. आम्ही देतोय ते आकडे अंदाज यावा म्हणून.

सळ्यांत एकच चूक वारंवार होते. उभ्या सळ्या मातीच्या बाजूला हव्यात, कारण भिंत बाहेर वाकताना ताण तिथे येतो. जागेवर त्या मधोमध किंवा गल्लीच्या बाजूला बांधलेल्या सापडतात, आणि मग त्यांचा उपयोग फार थोडा उरतो. १० मिलिमीटरच्या सळ्या सहा इंचांवर, आडव्या ८ मिलिमीटरच्या आठ इंचांवर, आणि मातीकडे सळीवर काँक्रीटचं पाच सेंटीमीटरचं कव्हर. काँक्रीट ओतण्याआधी स्वतः वाकून पाहा : सळी तुमच्या घराकडे आहे ना? उभ्या सळ्या खालच्या पाटीत वळवून अडकवलेल्या आहेत ना? काँक्रीट एम २५ प्रतीचं. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात असाल, वर्सोवा किंवा दादर किनाऱ्याजवळ, तर एम ३०. चाळीस फुटांना साधारण पावणेसहा घनमीटर लागतं, तयार काँक्रीटची एक गाडी.

पाया खणताना पूर्ण लांबी एकदम उघडी टाकू नका. दहा-दहा फुटांचे चार भाग करून एक सोडून एक घ्या. शेजाऱ्याच्या जुन्या भिंतीला नवी भिंत जोडू नका, बोटभर सांधा ठेवा, नाहीतर एकीच्या हालचालीने दुसरीला तडा जाईल.

आता पाण्याची वाट, ज्यासाठी हे सगळं चाललंय. काँक्रीटमध्येच तीन इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे दर चार फुटांवर बसवा. चाळीस फुटांना दहा. गल्लीच्या पातळीपासून सहा इंच वर आणि बाहेर किंचित उतार. खाली बसवले तर गटार तुंबल्यावर तिथलंच पाणी आत येतं. आतल्या तोंडाला जाळी. भिंतीमागे फूटभर रुंदीत तळापासून जवळजवळ वरपर्यंत खडी भरा, साधारण दीड ब्रास लागते. खडी आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइलचं न विणलेलं कापड हवंच. ते वाचवलं तर दोन-तीन पावसाळ्यांत बारीक माती खडीत शिरते, भोकं बंद होतात आणि तुम्ही पुन्हा त्या ५४० किलोंपाशी येता. वरचं अर्धा फूट मात्र खडी नको. घट्ट माती आणि फरशी, भिंतीपासून घराकडे उतार देऊन, आणि तिथे पन्हळीचा नाला.

काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारा, भराव तीन आठवड्यांनी घाला. मुरूम सहा-सहा इंचांच्या थराने, हाताच्या धुम्मसाने. भिंतीजवळ रोलर नको. घर पाडलेला डेब्रिज आणि काळी माती भरावात नको, काळी माती ओली झाली की फुगते.

प्रश्न (पुढचा जून) : भिंत झाली. पहिल्या जोरदार पावसात दहापैकी सात भोकांतून पाणी आलं, डावीकडची तीन कोरडी. काळजीचं आहे का?

उत्तर : आधी ओळंबा. कल शून्य आणि फरशीला फट नाही, तर घाई नाही. मग त्या तिघांची परीक्षा घ्या : वरून नळीने पंधरा मिनिटं पाणी सोडा. पाझर आला तर तिकडे पाणीच कमी होतं, उतार उजवीकडे असेल. आला नाही तर बाहेरून लवचीक सळी हळूच घाला. सहसा प्लास्टरवाल्याने तोंडाशी माल भरलेला निघतो, तो टोकरून काढा. आतली जाळी लागली की थांबा, ती फाडू नका. भोकातून पाण्याबरोबर माती येत असेल तर ते बंद भोकाहून वाईट. म्हणजे कापड फाटलंय किंवा लावलंच नाही, आणि मागे पोकळी होतेय. अशा वेळी तेवढा चार फुटांचा भाग वरून उघडून कापड बदला. भोकं मे महिन्यात दरवर्षी साफ करा, आणि गल्लीचं काँक्रीटीकरण झालं तर ती नव्या रस्त्याखाली गेली नाहीत ना ते त्याच दिवशी पाहा.